पोटेंशिओमीटर : सेलचा अंतर्गत रोध r सकाळी दीड ओहम, दुपारी एक ओहम. सेल तोच, तार तीच. चूक कुठे?

लॅबवाली_मॅडम
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवते. बारावीची प्रात्यक्षिकं जवळ आली आहेत आणि पोटेंशिओमीटरने मला आठ दिवसांपासून झोप लागू दिलेली नाही.

आमची तार चार मीटरची, म्हणजे फळीवर एक-एक मीटरच्या चार रांगा. वरच्या सर्किटला बॅटरी एलिमिनेटर आणि रिओस्टॅट. तारेच्या दोन टोकांत २ व्होल्ट येतील असा रिओस्टॅट लावला, म्हणजे सेंटीमीटरमागे ५ मिलिव्होल्ट. खाली लेक्लांशे सेल, त्याला समांतर रेझिस्टन्स बॉक्स आणि चावी.

सकाळच्या बॅचने चावी उघडी ठेवून नल पॉइंटपर्यंतची, म्हणजे गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर येतो तिथपर्यंतची लांबी l1 घेतली, २९० सेंमी. मग चावी लावून l2 घेतले : १० ओहमला २५२, ५ ओहमला २२१, २ ओहमला १५२. त्यावरून r आला १.५१, १.५६ आणि १.८२.

दुपारच्या बॅचला वेळ कमी होता. मी म्हटलं सेल तोच आहे, l1 फळ्यावर लिहिलेलाच आहे, तोच घ्या. त्यांचे l2 आले २६३, २३१ आणि १५८. r आला १.०३, १.२८ आणि १.६७. मुलं विचारतात, "मॅडम, जर्नलमध्ये कोणता लिहू?" माझ्याकडे उत्तर नाही. मुलांनी रीडिंग "जुळवून" आणावं असं मला अजिबात वाटत नाही.

दुसरी अडचण : बेरीज-वजाबाकीच्या पद्धतीने दोन सेलची तुलना करताना एका गटाला नल पॉइंटच मिळाला नाही. तारेवर कुठेही जॉकी टेकवा, काटा एकाच बाजूला.

वाशीमचे_सर
मॅडम, रेझिस्टन्स बॉक्सचे प्लग बघा. आमच्याकडे हाच त्रास होता. पितळी प्लगवर काळपट थर बसतो, नीट पिळून बसवले नाहीत की प्रत्येक प्लग थोडा थोडा रोध वाढवतो. तुमचा r प्रत्येक R ला वेगळा येतोय तो त्यामुळेच. बारीक पॉलिश पेपरने पुसा, सगळं सरळ होईल.

अमोघ_बारावी
मी विद्यार्थी आहे, माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. नल पॉइंटला गॅल्व्हानोमीटरमधून करंट शून्य असतो. म्हणून तर पोटेंशिओमीटर सेलचा खरा ईएमएफ मोजतो असं शिकवतात. सेलमधून करंटच नाही तर अंतर्गत रोधावर व्होल्टेज पडणारच नाही. मग त्याच नल पॉइंटवरून r काढता कसा येतो? मी सूत्र पाठ केलंय पण हे डोक्यात बसत नाही.

कपाशीवाला
मॅडम, मी शेतकरी माणूस, पन ह्या गोष्टीत लय इंटरेस्ट हाय. माह्या फवारणीच्या पंपाची १२ व्होल्टची बॅटरी मल्टीमीटरवर १२.५ दाखवते, आन पंप चालू केला की मोटर नुसती गुरगुरते. दुकानदार म्हनते बॅटरी चांगली हाय, मोटर बदला. तुमच्या ह्या यंत्रानं कळंन का, कोन खराब हाय ते?

निवृत्त_प्रयोगशाळा
मी अमरावतीकडे तीस वर्षं फिजिक्सची लॅब सांभाळली. एकेकाचं बघू.

आधी अमोघ. तुझं अर्धं म्हणणं बरोबर आहे, बाळा. गॅल्व्हानोमीटरच्या फांदीत करंट शून्य हे खरं. पण चावी लावलीस की सेलला दुसरी वाट मिळते : सेलमधून निघून रेझिस्टन्स बॉक्समधून परत सेलमध्ये. त्या छोट्या वेढ्यात करंट चालूच असतो, नल पॉइंटलाही. गॅल्व्हानोमीटर फक्त एवढंच सांगतो की पोटेंशिओमीटर त्यात आपली भर घालत नाही. म्हणून चावी उघडी असताना तारेची लांबी पूर्ण ईएमएफ दाखवते आणि चावी लावल्यावर सेलच्या दोन टोकांत जेवढं उरलं तेवढंच दाखवते. फरक पडला तो सेलच्या पोटात. सूत्र त्याच फरकाचं आहे :

```
r = R (l1 - l2) / l2
```

आता मॅडम. तुमचे दुपारचे तिन्ही l2 सकाळच्यापेक्षा मोठे आहेत. हीच खूण आहे. सेल थकला असता तर l2 लहान झाला असता. इथे उलटं झालंय, म्हणजे सेल तोच आणि तारेवरचा प्रत्येक सेंटीमीटर हलका झालाय. तेच व्होल्टेज तोलायला जास्त लांबी लागली. तुमचा एलिमिनेटर दुपारी खाली आला असणार. स्वस्त एलिमिनेटरमध्ये ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कपॅसिटर एवढंच असतं. लाइन पडली की त्याचं आउटपुटही पडतं. हे जानेवारीचे दिवस. दुपारी तुमच्याकडे गव्हा-हरभऱ्याच्या ओलिताचे पंप चालू असतात ना?

तसं असेल तर l1 सुद्धा दुपारी २९० राहिला नसणार. सकाळचा l1 आणि दुपारचा l2 एका सूत्रात घालणं म्हणजे दोन वेगळ्या फुटपट्ट्यांनी मोजून वजाबाकी करणं. दुपारी कोणी l1 घेतला होता का?

लॅबवाली_मॅडम
सर, तुमचा संदेश वाचून मी मुलांच्या कच्च्या वह्या चाळल्या. एका मुलाने शेवटी, घंटा झाल्यावर, चावी काढून एकदा l1 घेतला होता. पेन्सिलने ३०२ लिहिलंय आणि त्यावर काट मारलीय. बाजूला लिहिलंय "चूक, फळ्यावर २९०".

३०२ घेऊन पुन्हा गणित केलं. १० ओहमला ३९ भागिले २६३, गुणिले १०, म्हणजे १.४८. पाच ओहमला १.५४. दोन ओहमला १.८२. सकाळच्या आकड्यांशी जवळजवळ तंतोतंत!

त्या मुलाला आज सगळ्या वर्गासमोर बोलावलं आणि सांगितलं की दुपारच्या बॅचमधलं सगळ्यात खरं रीडिंग त्याने खोडलं होतं, आणि खोडायला लावणारी मी होते. तो पोरगा एवढा लाजला की बोलता येईना. आणि हो सर, पंप चालू असतात. दुपारी आमच्या लॅबमधली ट्यूबलाइटही फडफडते.

निवृत्त_प्रयोगशाळा
त्या मुलाची वही जपून ठेवा.

यापुढे प्रत्येक l2 च्या आधी एकदा आणि नंतर एकदा l1 घ्यायचा. दोन्ही जुळले तर रीडिंग ठेवायचं. पाच-सहा मिलिमीटरचा फरक असेल तर सरासरी चालेल. त्याहून जास्त असेल तर ते रीडिंग सोडून द्यायचं. वेळ थोडा जास्त लागतो, पण लाइन हलली की लगेच कळतं.

आणि एलिमिनेटर काढून टाका. कपाशीवाल्या भाऊंनी आपोआपच उपाय सुचवलाय. फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी गावात घरोघरी आहे. चांगली असलेली एखादी आणा, पूर्ण चार्ज करून तासभर तशीच ठेवा, मग जोडा. तुमच्या तारेचा रोध किती आहे?

लॅबवाली_मॅडम
मल्टीमीटरवर सुमारे १० ओहम.

निवृत्त_प्रयोगशाळा
मग तारेवर २ व्होल्टसाठी ०.२ अँपिअर लागतील. उरलेले दहा व्होल्ट रिओस्टॅटवर, म्हणजे त्याचे ५० ओहम लागतील. तुमचा रिओस्टॅट तेवढ्याचा नसेल तर दोन सिरीजमध्ये जोडा. आठ अँपिअर-तासाच्या बॅटरीला ०.२ अँपिअर म्हणजे काहीच नाही, अख्खी बॅच निघेल. फक्त सर्किट जोडल्यावर पाच-दहा मिनिटं तारेला आणि रिओस्टॅटला स्थिर होऊ द्या, पहिलं रीडिंग घाईने घेऊ नका.

वाशीमचे_सर
पण प्लगचं माझं म्हणणं राहिलंच. दुरुस्तीनंतरही दोन ओहमला १.८२ येतोय आणि दहाला १.५. हा फरक प्लगचाच.

निवृत्त_प्रयोगशाळा
सर, प्लग पुसायलाच हवेत, त्यात वाद नाही. पण दिशा बघा. समजा प्लगमुळे बॉक्सचा रोध ०.२ ने वाढला. आपण सूत्रात २ लिहितो, प्रत्यक्षात तो २.२ असतो. म्हणजे r प्रत्यक्षापेक्षा लहान निघेल, आणि जेवढा R लहान तेवढी ही घट मोठी. दहा ओहमला तीच चूक जेमतेम दोन टक्के. म्हणजे घाणेरड्या प्लगने २ ओहमचा r कमी यायला हवा. मॅडमचा जास्त आलाय. प्लगची चूक असलीच तर ती दुसऱ्याच कशामुळे झाकली गेलीय.

माझा संशय सेलवर आहे. २ ओहमला लेक्लांशे सेलमधून सुमारे ०.४ अँपिअर ओढले जातात. या सेलला ते झेपत नाही. कार्बनच्या कांडीवर हायड्रोजन जमतो, मँगनीज डायऑक्साइड तो खातो, पण हळूहळू खातो. मुलं चावी लावून नल पॉइंट शोधत बसतात तोवर सेल दमतो.

मॅडम, एक करून बघा. २ ओहम लावा, चावी दाबून ठेवा आणि मिनिटभर नल पॉइंटवर लक्ष ठेवा. मग चावी काढून लगेच l1 घ्या, आणि दहा मिनिटांनी पुन्हा घ्या.

अमोघ_बारावी
धन्यवाद सर, आता समजलं. मी दोन्ही वेढे वेगळ्या रंगाने काढले तेव्हा डोक्यात बसलं. म्हणजे चावी लावल्यावर पोटेंशिओमीटर हा जणू असा व्होल्टमीटर की जो स्वतः काहीच ओढत नाही?

निवृत्त_प्रयोगशाळा
अगदी. तोंडी परीक्षेत हेच वाक्य बोल.

लॅबवाली_मॅडम
करून बघितलं. बॅटरी आमच्या शिपायाच्या भावाकडून आणली, नवीन आहे. सकाळी l1 २९० यावा असा रिओस्टॅट लावला. दुपारी अडीचला, ट्यूब फडफडत असताना, पुन्हा बघितलं तर २८९.६. एलिमिनेटरवर हाच फरक बारा सेंटीमीटरचा होता!

सेलचं तुम्ही म्हणालात तसंच. २ ओहमला चावी लावताच १५२ च्या आसपास, आणि मिनिटभर दाबून ठेवल्यावर १४६. नल पॉइंट डोळ्यांदेखत मागे सरकत होता, मुलं वाकून बघत होती. चावी काढल्याबरोबर l1 २८३, दहा मिनिटांनी २८९.

मग दुसऱ्या पद्धतीने केलं. अंदाजे जागा आधी ठरवली, जॉकी तिथे नेली, चावी क्षणभर दाबली, काटा बघितला, सोडली. दर वेळी मधे अर्धा मिनिट विश्रांती. असा l2 आला १५७, r १.६९. १.८२ वरून खाली आला, पण १.५ ला काही टेकला नाही.

निवृत्त_प्रयोगशाळा
टेकणार नाही कदाचित. क्षणभर दाबली तरी करंट मोठाच आहे. या सेलचा r हा करंटवर आणि सेलच्या वयावर अवलंबून असतो, एकच ठाम आकडा नाही. तुमच्या १.६९ मध्ये किती भाग ध्रुवीकरणाचा, किती नवसागराच्या जुन्या द्रावणाचा, हे इथे बसून सांगता येणार नाही. द्रावण बदलून पुन्हा बघा.

वाशीमचे_सर
सर म्हणतात ते पटलं, दिशेचा विचार मी केलाच नव्हता. पण परीक्षेत बाहेरून येणारे परीक्षक "मीन r" विचारतात. तिन्हींची सरासरी काढून एक आकडा द्या, मुलांचे गुण कशाला घालवता?

लॅबवाली_मॅडम
मला सरासरी खटकते, सर. सरासरी म्हणजे एकाच गोष्टीची तीन मोजमापं. इथे तर दहा ओहमचा r आणि दोन ओहमचा r वेगळ्या परिस्थितीतले आहेत. तीन रांगा तशाच लिहाव्यात, शेजारी करंट लिहावा, असं वाटतं.

वाशीमचे_सर
वाटणं वेगळं, गुणांचा तक्ता वेगळा. मी माझ्या मुलांना १० ओहमच्या खालचं रीडिंगच घेऊ देणार नाही. १०, १५, २० घेतलं की करंट कमी, सेल दमत नाही, सरासरीही शोभून दिसते.

निवृत्त_प्रयोगशाळा
त्यात दुसरी अडचण आहे. २० ओहमला l1 आणि l2 मधला फरक वीस सेंटीमीटरच उरतो. दोन्ही वाचनांत मिळून अर्धा सेंटीमीटर चुकला तर r अडीच टक्क्यांनी हलतो. मी ५ ते १५ च्या मधे राहायचो. सरासरीचं तुम्ही दोघं ठरवा. माझ्याही वेळी त्यावर एकमत नव्हतं.

आता काटा एकाच बाजूला जाण्याचं. मॅडम, त्या गटाचे दोन सेल कोणते होते?

लॅबवाली_मॅडम
लेक्लांशे आणि डॅनियल. वेगवेगळे लावले तर दोघांनाही नल पॉइंट मिळत होता, लेक्लांशे २९० आणि डॅनियल २१६. एकामागे एक जोडले की मिळत नाही. उलटसुलट जोडले की पुन्हा मिळतो, ७४ ला.

निवृत्त_प्रयोगशाळा
मग उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. २९० अधिक २१६ म्हणजे ५०६ सेंमी, आणि तार आहे ४०० ची. दोन सेल मिळून अडीच व्होल्ट, तारेवर दोनच. मुलाची जोडणी बरोबर होती, तार अपुरी पडली. रिओस्टॅट कमी करून तारेवर ३ व्होल्ट आणा, मग बेरीज ३३७ च्या आसपास आणि वजाबाकी ४९ च्या आसपास मिळेल. ३३७ अधिक ४९ भागिले ३३७ वजा ४९, म्हणजे १.३४. तुमचे सुटे आकडे, २९० भागिले २१६, हेही १.३४ च देतात. एवढं मात्र सांभाळा की बेरीज आणि वजाबाकी घेताना मधे रिओस्टॅटला हात लागता कामा नये.

पण काटा एकाच बाजूला जाण्याची कारणं तीन आहेत, आणि मुलं घाबरून सगळ्या वायरी उपटतात. तसं करू देऊ नका. गॅल्व्हानोमीटरच्या सिरीजमध्ये मोठा रोध घाला, म्हणजे काटा पट्टीवर राहील. मग जॉकी A टोकाला टेकवा, उचला, थोडी पुढे टेकवा, असं B पर्यंत जा. घासत नेऊ नका, तार जागोजागी झिजते आणि मग जाडी सारखी राहत नाही.

काटा B कडे जाताना कमी कमी होत गेला पण शून्य ओलांडला नाही, तर तारेवरचं व्होल्टेज अपुरं. तुमच्या गटाचं हेच झालं असणार. काटा उलट वाढत गेला तर सेल उलटा जोडलाय. सेलचा धन आणि वरच्या बॅटरीचा धन एकाच A टोकाला नाही. आणि काटा कुठेही टेकवलं तरी तेवढाच राहिला, तर तारेत करंटच नाही. वरच्या सर्किटमध्ये चावी, रिओस्टॅट किंवा एखादा स्क्रू सैल आहे. काटा कुठेच हलला नाही तर मात्र खालचं सर्किट तुटलंय.

लॅबवाली_मॅडम
हे मी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून टेबलाजवळ चिकटवते. आज त्या गटाला तसंच करायला लावलं. मुलीनेच ओळखलं : "मॅडम, काटा कमी होतोय पण पोचत नाहीये." ३ व्होल्ट लावल्यावर बेरीज ३३८.५, वजाबाकी ४९.५. गुणोत्तर १.३४.

डॅनियलचं एक विचारायचंय. त्याचा r काढायला गेलो तर तो सकाळी बराच जास्त आला आणि तासाभरात उतरत गेला.

निवृत्त_प्रयोगशाळा
मातीचं सच्छिद्र भांडं कोरडं लावलं असेल. छिद्रांत द्रावण मुरेपर्यंत आयनांना वाट नसते. आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला. मोरचुदाच्या द्रावणात थोडे खडे तळाशी शिल्लक दिसले पाहिजेत.

कपाशीवाला
मोरचूद पायजे असंन तर सांगजा मॅडम, माह्या साडूची संत्र्याची बाग हाय, बोर्डोसाठी घरी पोतं पडून राह्यते. पन गुरुजी, माही बॅटरी ऱ्हायली.

निवृत्त_प्रयोगशाळा
राहिली नाही भाऊ, तुमचा प्रश्न तर सगळ्यांत अचूक होता. मल्टीमीटर नुसता लावला तर बॅटरी काहीच देत नसते, म्हणून १२.५ दिसतात. हा झाला तुमचा l1. तुम्हाला l2 हवाय. यंत्र नको, मोटरसायकलचा २१ वॅटचा बल्ब बॅटरीला जोडा आणि तो जळत असतानाच व्होल्टेज बघा.

कपाशीवाला
पाह्यलं. बल्ब लावला की १०.४.

निवृत्त_प्रयोगशाळा
दोन व्होल्ट आत जिरले. बल्ब अंदाजे १.६ अँपिअर घेतोय, म्हणजे वाटेत सव्वा ओहमच्या वर रोध आहे. चांगल्या बॅटरीत तो एक दशांश ओहमच्याही आत असतो. पण मल्टीमीटरच्या सुया कुठे टेकवल्या होत्या? वायरीच्या क्लिपवर की बॅटरीच्या शिशाच्या टोकावर?

कपाशीवाला
क्लिपवर. टोकाले पांढरं-हिरवं फुललं हाय.

निवृत्त_प्रयोगशाळा
मग तो रोध बॅटरीचा किती आणि त्या फुललेल्या थराचा किती, हे अजून कळलं नाही. बल्ब चालू ठेवून सुया थेट टोकांवर टेकवा.

कपाशीवाला
टोकावर ११.९ भरले गुरुजी. क्लिपवर अजून १०.४ च हाय.

निवृत्त_प्रयोगशाळा
म्हणजे दीड व्होल्ट त्या थरातच जातात. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून टोकं आणि क्लिप घासा, झाकणाच्या फटीतून पाणी आत जाऊ देऊ नका. उरलेले ०.६ व्होल्ट बॅटरीचे स्वतःचे. तिचा r अजून एक तृतीयांश ओहमच्या थोडा वर निघतो, म्हणजे ती म्हातारी झालीच आहे. मोटर बदलायची घाई करू नका.

लॅबवाली_मॅडम
भाऊ, साफ करायच्या आधी ती बॅटरी एक दिवस लॅबला देता का? मुलांना क्लिपवरचं आणि टोकावरचं रीडिंग दाखवायचंय. आमच्या सेलच्या पितळी स्क्रूवरही तसाच हिरवा थर आहे, आणि माझ्या १.५ ओहममध्ये त्याचा वाटा किती, हे मी अजून तपासलेलं नाही.

कपाशीवाला
उद्या सकाळी दूध घालाले येतो तवा आनतो.